अकरा तारखेची सकाळ

मधुमतीबाई पंडितांचा घोळ झाला नाही असं एकही कार्य त्यांच्या सासरी झालेलं नाही, असं त्यांची नणंद इंदुमती अजूनही सांगते. धाकट्या दिराच्या मुंजीत बाईंनी भिक्षावळीचे लाडू म्हणून शेजारच्यांच्या बारशाचा डबा उघडला होता. एका हळदीकुंकवाला त्या आदल्या दिवशीच नटूनथटून जाऊन बसल्या होत्या. वेंधळी म्हणा, गोंधळी म्हणा, पण बाई मनाची एकदम लख्ख. चूक झाली की स्वतःच पहिली हसायची, आणि मग तीच निस्तरायला धावायची.

तर अशा या बाईने एक दिवस जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आपल्या लेकीचं, ऋचाचं, लग्न जयपुरातच होणार, आणि सगळं मी ठरवणार.

बाईंचे यजमान गजाननराव विमा कंपनीतले. बदलीने जयपूरला आले ते आदर्श नगरच्या भाड्याच्या घरात, आणि ऋचा इथेच शिकून मोठी झाली. तिच्या मैत्रिणी इथल्या, तिचं मराठीसुद्धा निम्मं इथलं. ‘मम्मी, मतलब, पुण्याला कोण येणार माझ्या साइडने?’ असं ती म्हणाली आणि बाई विरघळल्या. इंदुमतीबाई फोनवर कडाडल्याच, “वहिनी, पुण्यात कार्यालयवाला एकदा पैसे घेतो आणि अक्षतांपासून विड्यापर्यंत सगळं देतो. तिथे परमुलखात तू मांडववाला वेगळा, आचारी वेगळा करत बसणार? तुझ्याच्याने?”

हे ‘तुझ्याच्याने’ बाईंना फार लागलं. “माझ्याच्यानेच, वन्सं,” त्या म्हणाल्या. झालं, आता माघार नाही.

व्याही पुण्याचे. ते आदल्या दिवशी सकाळी येणार, धर्मशाळेत उतरणार, आणि लग्नाच्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने सुनेला घेऊन परत. मुहूर्त सकाळचा, दहा चाळीसचा. तिकिटं निघालेली. त्यामुळे सगळं त्या एका सकाळीच व्हायला हवं होतं.

बाईंनी घराजवळचं एक मैरिज गार्डन पाहिलं. मोठी हिरवळ, मागे भट्टीची जागा, कडेला चार खोल्या. व्यवस्थापक शेखावतजी, भरघोस मिशांचे, बोलायला अगदी मधाळ. “ग्यारह दिसंबर? खाली है जी. पक्का समझो.” बाईंनी तिथल्या तिथे पेशगी दिली. मांडवाचं काम गार्डनचेच सलीमभाई करणार, जेवण रामावतारजी हलवाई. बाई म्हणाल्या, मुहूर्त दस-चालीस का है. शेखावतजी म्हणाले, “वाह, आप तो जल्दी निपट जाओगे!” जल्दी कसलं, असं बाईंना वाटलं खरं. पण समोरचा कौतुक करतोय तर उगाच कशाला विचारा.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवून पक्कं करायचं, असं गजाननरावांनी सुचवलं. ते स्वतःही आले. सलीमभाईंनी त्यांना नाव विचारलं, त्यांनी ‘पंडित’ सांगितलं, आणि त्या क्षणापासून माणूस त्यांना पूजेला काय काय लागेल ते विचारायला लागला. मग गजाननरावांनी खुर्ची मागे सरकवली. सगळं बाईंवर आलं.

बाईंनी सुरुवात झोकात केली. “सलीमभाई, आप दस तारीख को चार बजे आके मंडप लगाना. हमारा शाम को सीमांतपूजन है.”

सलीमभाई शेखावतजींकडे बघायला लागले. शेखावतजी सलीमभाईंकडे.

“मैडम, दस को तो दूसरी पार्टी है.”

“दुसरी पार्टी? हमारा बुकिंग है!”

“आपका ग्यारह का है जी.”

“हां, तो ग्यारह का मतलब दस की शाम से!”

“नहीं जी, ग्यारह का मतलब ग्यारह की दोपहर बारह से. बारह की सुबह दस बजे तक.”

बाईंचं डोकं गरगरायला लागलं. त्यांच्या माहितीतलं प्रत्येक कार्यालय आदल्या संध्याकाळी ताब्यात मिळायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दुपारी सोडायचं. अकराचं कार्यालय म्हणजे दहाची संध्याकाळ त्यात आलीच, हे काय विचारायचं असतं? आणि इथे अकराच्या बुकिंगात अकराची सकाळच नव्हती! ती म्हणे दहावाल्यांची होती. म्हणजे आपल्या लग्नाची सकाळ आपण घेतलीच नाही? तारीख तर बरोबर होती. मग चुकलं कोण?

कोणीच नाही, हीच तर पंचाईत. इथे लग्न रात्री लागतं. वरात रात्री येते, फेरे मध्यरात्रीनंतर, विदाई पहाटे. दस-चालीस म्हटल्यावर शेखावतजींनी रात्रीच धरली, आणि इतक्या लवकर फेरे उरकणाऱ्यांचं त्यांना कौतुक वाटलं होतं. रामावतारजी तर आता पुरते चक्रावले. “मतलब, शादी नाश्ते के टाइम? और पंगत दोपहर में? फिर शाम की चाट मैंने किसके लिए लिखी है?”

“चाट किसने बोली?”

“बोलना क्या है जी, शादी में चाट तो होती ही है.”

गजाननराव हळूच म्हणाले, “अगं, संध्याकाळचा गोरज मुहूर्त बघूया का?”

“आणि गाडी? त्यांची सगळ्यांची तिकिटं?” बाईंचा आवाज फुटला. “अहो, वन्सं म्हणाल्याच होत्या. लोक मांडवाच्या दारात अक्षता घेऊन उभे राहणार आणि आत दुसऱ्याचीच वरात नाचणार!”

त्या तिथेच खुर्चीवर बसून रडल्या. डोळे पुसले, आणि मग, सांगितलं ना, निस्तरायला उठल्या. “शेखावतजी, दस वाली पार्टी का नंबर दो.”

फोन मुलीच्या आईने घेतला. बाईंच्या हिंदीचा त्या दिवशी पार चुथडा झाला होता. आपली मुलगी, तुमची मुलगी, तुमची रात्र, आमची सकाळ, अंतरपाट, पुण्याची गाडी, सगळं एका दमात. पलीकडे ती बाई हसली. “समझी तो आधा ही, बहनजी. पर बेटी का काम है ना? हमारी विदाई पाँच बजे हो जाएगी. फिर आप ले लेना. मैं शेखावतजी को बोल देती हूँ.”

मग भराभर सुचत गेलं. दहाचा मांडवही सलीमभाईंचाच होता. तो उतरवायचाच नाही. खांब, छत, खुर्च्या तशाच. फक्त फुलं बदलायची, फेऱ्यांची वेदी हलवून पाट आणि चौरंग मांडायचे. सलीमभाईंनी पहाटे साडेपाचला माणसं घेऊन मागच्या फाटकाशी थांबायचं. रामावतारजींनी चिरणं-वाटणं आपल्या कारखान्यावर करून आणायचं, भट्टी सहाला मोकळी मिळेल, चहा-पोहे साडेआठला, पंगत साडेबाराला. चाट रद्द, मठ्ठा चालू. सीमांतपूजन धर्मशाळेतच. पैशांचंही तिथेच ठरलं. निम्मे आज, बाकीच्यातले मांडववाल्याचे मांडव उभा बघून, हलवाईचे पंगतीआधी. शेखावतजींनी सकाळच्या सफाईचे वर थोडे मागितले, ते बाईंनी कुरकुर न करता दिले. सगळं वहीच्या एका पानावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. इंदुमतीबाईंना यातलं अक्षर कळवलं नाही.

अकराला पहाटे बाई शाल गुंडाळून मागच्या फाटकाशी हजर. डिसेंबरातली जयपूरची थंडी, दातावर दात वाजत होते. सलीमभाईंचा टेम्पो झेंडूच्या करंड्यांसह उभा. रामावतारजींची गाडी त्यामागे. आणि आत? आत अजून फेरेच चालले होते! वरात उशिरा आली होती.

“अभी हुआ जाता है,” शेखावतजी म्हणाले. सहा वाजले. मंत्र संपले, तर नवऱ्याचे बूट लपवण्याचा खेळ सुरू. नवरीच्या बहिणी काही ऐकेनात. बाई फाटकाशी येरझारा घालत होत्या. पोहे साडेआठला, त्याआधी भट्टी, त्याआधी झाडणं, आणि व्याही वेळेचे काटेकोर. ‘अगं जा गं बाई एकदाची,’ त्या पुटपुटत होत्या. ‘जा ना लवकर. किती तो उशीर!’

साडेसहाला दाराशी गाडी लागली. लाल ओढणीतली ती मुलगी बाहेर आली, आणि आईच्या गळ्यात पडून असं रडली की टेम्पोवरची माणसंसुद्धा खाली बघायला लागली. तिने मागे न बघता लाह्या फेकल्या. आईने पदर पसरून झेलल्या. गाडी गेली. पाहुणे जांभया देत खोल्यांकडे निघाले. ती आई मात्र तशीच, पदर धरून, रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.

“मैडम,” सलीमभाई म्हणाले, “अंदर ले लें?”

बाई त्या आईकडे बघत होत्या.

“मैडम, टाइम हो रहा है.”

“पाँच मिनट रुको,” बाई म्हणाल्या. आठवडाभर जिने एकेका मिनिटासाठी तिघांचा जीव खाल्ला, तीच म्हणाली! सलीमभाई बघतच राहिले. बाईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि त्या आईजवळ जाऊन तिच्या हातात दिला.

“आप ही हो ना, सुबह वाली?” ती म्हणाली. “माफ करना जी, देर हो गई. ले लो अब. अब यहाँ क्या है.” चहाचा एक घोट घेऊन तिने विचारलं, “आपकी कब जाएगी?”

“शाम की गाड़ी से,” बाई म्हणाल्या.

हे त्यांनी आठवडाभरात शंभर जणांना सांगितलं होतं. सलीमभाईंना, रामावतारजींना, शेखावतजींना. गाडी आहे हो, गाडी चुकता कामा नये. त्या गाडीत कोण बसणार आहे, हे त्या घोळात एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता आलं. त्या दोघी अनोळखी बायका त्या थंडीत एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

मग बाईंनी डोळे पुसले, सलीमभाईंना हाताने आत जायची खूण केली, आणि फोन लावला.

“मम्मी?” ऋचाचा झोपेतला आवाज. “काय झालं? गार्डन मिळालं ना?”

“मिळालं गं.”

“मग? कुछ गड़बड़?”

“नाही, काही घोळ नाही,” बाई म्हणाल्या. “तू उठू नकोस इतक्यात. पडल्या पडल्या जरा बोल माझ्याशी. काहीही बोल.”