पत्रिकेवरचा पोपटी

आईच्या दशक्रियेची पत्रिका मीच केली. कोपरखैरण्यात माझंच डिझाइनचं दुकान आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार? फोटो माझ्या लग्नातला होता, पोपटी साडीतला. मूळ फाइल आरजीबीत ठेवली, कारण ती नातेवाइकांच्या फोनवर जाणार होती. छपाईसाठी तिची वेगळी प्रत सीएमवायकेत बदलली, तेव्हा पोपटी रंग डोळ्यांदेखत मलूल झाला. गिऱ्हाइकांना मी रोज तेच सांगते: स्क्रीनवर उजेड असतो, कागदावर चार शाया असतात, एवढा झळझळीत रंग शाईत येत नाही. मला काहीच वाटलं नाही. फाइल प्रेसला पाठवून दिली.

पत्रिका छापून आल्यावर धाकटी बहीण एका हातात फोन आणि एका हातात पत्रिका धरून म्हणाली, "ताई, हा आईच्या साडीचा रंग नाही. निदान तिचं काम तरी नीट करायचंस."

भांडायचंही त्राण नव्हतं. मी कपाटातून ती साडी काढली आणि दोन्हींच्या शेजारी ठेवली. वर्षानुवर्षं प्रत्येक लग्नात तीच नेसून साडी विटली होती. रंग पत्रिकेशी जुळत होता. ती कधी विटली, ते आम्हां दोघींनाही सांगता आलं नाही.