पारससरांची लाल शाई

बेल्ह्याच्या बाजारपेठेत कै. चांदमल यांनी थाटलेलं कापडाचं दुकान आहे. दुकानावरच्या माळ्यावर, धोतरजोड्यांच्या गठ्ठ्यांना खेटून, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फळा. तिथे चांदमलांचे धाकटे चिरंजीव पारस फ्रेंच शिकवायचे. बाजाराच्या दिवशी खाली बैलांचं हंबरणं, टेम्पोचे हॉर्न, आणि वर पारससरांचा हलका आवाज. गावात कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. पण चेष्टा चालायचीच.

"पारसशेठ, आज काय फाडलं, मांजरपाट का फ्रेंच?" समोरचा चहावाला रखमाजी रोज विचारायचा.

पारससर हसायचे. उत्तर त्यांना सुचायचं, पण उशिरा, जिना चढून गेल्यावर.

पुण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं, तासांवर. कायम कधी झाले नाहीत. लग्नही राहून गेलं. साठी उलटल्यावर कॉलेजने फ्रेंचच बंद केलं, तेव्हा पुस्तकांची दोन खोकी घेऊन ते भावाकडे परत आले. भाऊ आता थकला होता, दुकान पुतण्या बघायचा. वहिनी पानबाईंनी माळ्यावरचे गठ्ठे एका बाजूला सारले आणि म्हणाल्या, "इथं बसा पारसभाऊ. शिकवा कुणी आलं तर." कुणी येईल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

तीन वर्षांनी आरती आली. माहेर पिंपरी पेंढारचं, सासर बेल्ह्याचं, आळेफाट्याच्या एका दवाखान्यात नर्स. तिला कॅनडाला जायचं होतं. इंग्रजीची परीक्षा दिली होती, पण एजंट म्हणाला होता की त्यातले मार्क पुरणार नाहीत, सोबत फ्रेंच असेल तर नंबर लागेल. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांची परीक्षा. चारही भागांत सातवी पातळी हवी. एकात जरी सहावी आली तरी सगळं पाण्यात.

"सर, मला जमंल का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बघू," पारससर म्हणाले. हो म्हणायची त्यांना सवय नव्हती.

पोरगी हुशार होती आणि भीड नव्हती. चुकीचं का होईना, धाडधाड बोलायची. दवाखान्यातल्या पेशंटच्या गोष्टी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगायची आणि स्वतःच खिदळायची. पहिल्या वर्षीच्या वहीत तिने एक वाक्य लिहिलं होतं: 'ज स्वी कोंतांत क वू एत मों प्रोफेसर.' तुम्ही माझे सर आहात याचा मला आनंद वाटतो. सरांनी 'एत'वर लाल काट मारली आणि वर 'स्वाये' लिहिलं. वाक्यात काय म्हटलंय याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

खरी गाडी तिथेच अडकली. फ्रेंचमध्ये 'क' या शब्दाने दोन वाक्यं जोडली आणि आधीच्या वाक्यात शंका, इच्छा, गरज किंवा भावना असली, की पुढचं क्रियापद आपलं रूप बदलतं. पारससरांनी फळ्यावर मांडून दाखवलं.

"हे बघ. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे.' आपण इथे 'येतेस' म्हणत नाही, 'यावंस' म्हणतो. फ्रेंच माणूसही इथे 'व्हियँ' म्हणत नाही, 'व्हिएन' म्हणतो. गरजेचंही तसंच. 'इल फो क तू व्हिएन.' तू यायलाच हवंस."

"हे सोपंय की सर. आपल्यावानीच."

"इथपर्यंत. आता पुढे. 'पाहुणे येतील असं मला वाटत नाही.' आपण सरळ 'येतील' म्हणतो. त्यांना शंका आली की 'येतील' चालत नाही, परत 'व्हिएन'च लागतं. आणि 'तू इथे आहेस याचा मला आनंद आहे.' आपण 'आहेस' म्हणतो, कारण तू आहेसच. त्यांना मात्र आनंद झाला, राग आला, वाईट वाटलं, की तिथेही 'स्वा'."

"पण मी तर समोर बसलेय. मग शंका कसली?"

"शंका नाही. भावना आहे म्हणून."

"लई नाजूक माणसं हायेत राव," आरती म्हणाली. "आणि आशा? आशा म्हंजे इच्छाच ना?"

"नाही. 'मला आशा आहे' म्हटलं की साधं रूप. आशा ते यात धरत नाहीत."

आरतीने कपाळावर हात मारला आणि वहीत लिहून घेतलं.

पुढे दीड वर्ष ती इच्छा आणि गरज बरोबर लिहायची आणि शंका आणि भावना यांच्यात मराठीच्या वळणावर जायची. पारससरांनी एकही चूक सोडली नाही. बोलतानाही 'क' आला, की त्यांचं बोट वर व्हायचं आणि आरती मधेच थांबायची.

"वाक्य तरी पुरं करू द्या की सर," एकदा ती म्हणाली.

"चुकीचं वाक्य पुरं करून काय उपयोग?"

हे बोलणं त्यांचं नव्हतं, त्यांच्या आयुष्याचं होतं. कॉलेजात त्यांचं सहावं वर्ष चालू असताना फ्रान्सचे पाहुणे आले होते. स्वागताचं वाक्य सरांनी आठवडाभर घोकलं: आपण आलात याचा आम्हाला आनंद आहे. पाहुणे समोर उभे राहिले आणि 'आलात'चं रूप ऐनवेळी डळमळलं. 'स्वाये' की 'एत'? नियम त्यांना झोपेतही पाठ होता. तरी ते "बाँजूर, मेर्सी" एवढंच म्हणून बाजूला झाले. सोबतची नवी बाई पाच चुका करत तासभर पाहुण्यांशी गप्पा मारत बसली. पुढच्या वर्षी ती कायम झाली, फ्रान्सला जाऊनही आली. पारससर तासांवरच राहिले. त्या बाईंना व्याकरण येत नाही, असं ते मनाशी म्हणत राहिले.

आरतीच्या दोन परीक्षा झाल्या. पहिल्यात दोन भाग गेले. दुसऱ्यात फक्त बोलणं राहिलं. तिचा नवरा ऋषी टेम्पो चालवायचा. तिसऱ्या परीक्षेच्या आधी तो तिला सोडायला आला आणि जिन्याच्या पायथ्याशीच उभा राहिला.

"सर, ह्या येळला व्हईल ना? तिची इंग्रजीची परीक्षा डिसेंबरात बाद व्हती. दोनच वर्षं चालती म्हणं. परत पहिल्यापासून करायचं आता आमच्यात बळ न्हाई. आन तिला तेहतिसावं लागंल. वयाचं मार्क दरसाली कमी व्हत्यात."

"तयारी चांगली आहे," पारससर म्हणाले. तयारी चांगलीच होती. त्या महिन्यात वहीत लाल शाई जवळजवळ लागलीच नव्हती.

परीक्षा देऊन आरती पुण्याहून थेट माळ्यावर आली. हातात पेढ्यांचा पुडा. पानबाईही पदर खोचून वर आल्या.

"सर, एक चूक न्हाई केली. एक पण!"

"बोलण्याच्या भागात काय आलं?"

"मैत्रिणीला पटवायचं व्हतं. सुट्टीत माझ्यासंगं खेड्यात शेतावर काम करायला चल म्हणून. ती समोरची बाई सारखी न्हाई न्हाई म्हणायची, मी सारखी पटवायची. दहा मिनिटं."

पारससरांच्या डोळ्यांसमोर फळा उभा राहिला. मैत्रिणीला पटवायचं म्हणजे तू यावंस, तू यायला हवंस, तुला जमणार नाही असं मला वाटत नाही, तू येणार याचा मला आनंद आहे. हा सगळा दीड वर्षाचा अभ्यास तिच्यापुढे ताटात वाढून आला होता.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी 'क' आणलाच न्हाई." आरतीचे डोळे चमकत होते. "आला की तुमचं बोट दिसायचं. मग मी वाक्यंच तोडली. 'गाव सुंदर आहे. हवा चांगली आहे. तू ये. काम सोपं आहे. मी खूश आहे.' एका पण रूपाला धक्का न्हाई लागू दिला."

"आणि मैत्रीण नाही म्हणाली तेव्हा?"

"परत तेच. 'गाव सुंदर आहे. तू ये.'"

पानबाई हसल्या. "मग आली का न्हाई ती?"

"येईल की, न यिऊन सांगती कुनाला!"

पारससरही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. परीक्षक नुसत्या चुका मोजत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. माणूस दोन विचार जोडू शकतो का, शंका आली तर तिच्याशी दोन हात करू शकतो का, हे ते बघतात. 'गाव सुंदर आहे, तू ये' हे पहिल्या महिन्यातलं फ्रेंच. चुकलेलं का असेना, एखादं लांब वाक्य बोलली असती तर! सुरुवातीची आरती नक्की बोलली असती. तिला असं तुकड्या-तुकड्यांत बोलायला कुणी शिकवलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पेढा त्यांनी खाल्ला. निकाल येईपर्यंत चार-सहा आठवडे तरी तिला खूश राहू दे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सांगायची छाती झाली नाही.

ते आठवडे आरती रोज मोबाईल बघायची. कॅनडातल्या थंडीचे व्हिडिओ पानबाईंना दाखवायची. पानबाई विचारायच्या, "तिथं ज्वारी मिळती का गं?" पारससर ऐकत बसायचे, आणि आज सांगू, उद्या सांगू, असं करत करत एक दिवस सांगायचं काही उरलंच नाही. ऐकण्यात आठ, वाचण्यात आठ, लिहिण्यात सात, बोलण्यात सहा.

वर ऋषी आला. आरती खाली टेम्पोत बसून होती.

"एकानं गेलं सर," तो म्हणाला. "एकबी चूक न्हाई म्हणाली व्हती. मग कसं गेलं? काय लिहूनबी देत न्हाईत का चुकलं म्हणून."

पारससरांनी टेबलाची कड धरली. आता तरी. माझ्यामुळे गेलं, एवढंच म्हणायचं होतं. मराठीत, साध्या रूपात.

"कठीण असते परीक्षा," ते म्हणाले.

ऋषीने मान हलवली, तिच्या वह्या टेबलावर ठेवल्या. "घरात नको म्हणाली. तुमच्या दुसऱ्या कुणाला कामाला येतील." दुसरं कुणी नव्हतं, ते त्यालाही ठाऊक होतं.

टेम्पो गेल्यावर पारससरांनी सगळ्यात जुनी वही उघडली. पान न् पान लाल. 'तुम्ही माझे सर आहात' या वाक्याशी ते थांबले. त्यांनी काट मारलेल्या जागी शाई कागदाच्या पलीकडे उमटली होती.

मग मोबाईल घेतला आणि आरतीला लिहायला बसले. 'ज रग्रेत क...' मला वाईट वाटतं की. भावना. पुढे बदललेलं रूप, त्यातही भूतकाळ, त्यातही नकार. रूप येत होतं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. नाही बसत कुठेतरी, असं वाटून 'क' काढून टाकला. उरलं नुसतं 'ज रग्रेत'. तेही त्यांना उघडंबोडकं दिसलं. शेवटी सगळं पुसून मराठीत लिहिलं, 'जेवलीस का?', आणि पाठवलं.

दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आरती आळेफाट्याला कामावर जाते, दुकानासमोरूनच तिची गाडी जाते. वर बघत नाही.

दिवाळीआधी माल वाढला तेव्हा पुतण्याने विचारलं, "काका, वरचं टेबल काढू का? गठ्ठे ठेवायला जागा होईल."

"काढ," पारससर म्हणाले. या खेपेला मात्र उत्तर लगेच सुचलं.