कावळ्याच्या गोष्टीतलं चार बोटं पाणी

मागच्या रविवारी मूल गावात, आमच्याच पडवीत, एका पुठ्ठ्याच्या कावळ्याने मला चांगलंच अडचणीत आणलं...

त्याचं असं झालं. माझी सून रोहिणी जवळच्या एका गावात पहिलीच्या वर्गाला शिकवते. सुट्टीत मुलांचं वाचन-ऐकणं सुटू नये म्हणून ती पालकांच्या ग्रुपवर छोटे छोटे व्हिडिओ टाकते. यावेळी म्हणाली, बाबा, तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तुम्ही लिहून द्या.

मला काय, आभाळच ठेंगणं झालं! शाळेतल्या कवितांवर वाढलेला माणूस मी. अजूनही आंघोळीच्या वेळी दुसरी-तिसरीतल्या चाली तोंडात येतात. दुपारभर बसून तीन पानं लिहिली... तप्त रवी, शुष्क वनराई, व्याकूळ वायस. आणि तात्पर्य म्हणून शेवटी स्वतः रचलेल्या दोन ओळी...

खडा खड्यावर टाकी वायस,
जळ ये वरती, सफल सायास!

रोहिणीने शांतपणे वाचलं. मग समजावलं, व्हिडिओ दीड मिनिटाचा. पहिल्या वाक्यातच मूल थांबलं पाहिजे, नाहीतर बोट पुढे सरकतं. मागचे दोन व्हिडिओ मुलांनी अर्ध्यातच सोडले होते, हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

तिने मोबाइलवर दोन रकाने केले. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. जे दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही. कावळा उडताना दिसला, की 'कावळा उडाला' हे वाक्य गेलं. माझा तप्त रवी तर पहिल्याच फटक्यात मावळला.

उरलं ते असं. 'कावळ्याची चोच कोरडी पडली होती. पाणी दिसत होतं... पण पोचता येत नव्हतं.' खरं सांगतो, माझ्या तीन पानांपेक्षा ते बरं होतं. शेवटच्या दोन ओळी मात्र मी सोडायला तयार नव्हतो. तिनेही माझा मान राखला.

शूटिंगला शेजारची जान्हवी आली. तीही पहिलीतच. काळ्या पुठ्ठ्याचा कावळा बांबूच्या काडीवर चिकटवलेला, तो हलवायचं काम तिचं. आवाजात घरघर येऊ नये म्हणून कूलर बंद. आमच्याकडची मे महिन्याची दुपार आणि कूलर बंद... कावळ्याचीच काय, सगळ्यांचीच चोच कोरडी पडली.

माठातलं पाणी कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून लोणच्याची काचेची बरणी घेतली. पाणी उठून दिसावं म्हणून त्यात थोडी निळी शाई. आणि कावळा बिचारा फारच तहानलेला वाटावा, म्हणून मीच सांगितलं, पाणी अगदी तळाशी ठेव, चार बोटंच.

जान्हवी नदीतले गोटे एकेक करून टाकू लागली. पाणी थोडं वर आलं. मी खूश. अजून गोटे, अजून गोटे... आणि मग पाणी जे थांबलं, ते थांबलंच. गोटे बरणीच्या तोंडापर्यंत आले, आणि निळं पाणी खालीच, गोट्यांच्या फटींत जाऊन बसलेलं.

जान्हवीने बरणीला नाक लावून पाहिलं. "आजोबा, गोटे संपले. कावळा तं तहानलेलाच राह्यला."

मी म्हटलं, अजून एक टाक. पण टाकायला जागाच नव्हती.

माझ्या ओळी ओठांवर होत्या, पण म्हणवेनात. जन्मभर मी ही गोष्ट सांगत आलो, मुलांना, पुतण्यांना, नातवांना... आणि एकदाही बरणी घेऊन बसलो नव्हतो. आता हिला काय सांगू, की यत्न केला की पाणी वर येतंच? तिने तर सगळे गोटे टाकले होते.

रोहिणीने बरणी रिकामी केली. यावेळी निम्म्याच्या बरंच वर पाणी भरलं. पुन्हा तेच गोटे. फटी भरूनही पाणी उरलं, आणि प्रत्येक गोट्यासरशी वर चढत काठाला टेकलं. कावळ्याने पुठ्ठ्याची चोच चांगली बुडवून घेतली.

मग आम्ही गोष्टच बदलली. आता कावळा आधी एका बरणीत वाकून बघतो. तळाशी चार बोटं पाणी. दोन-तीन गोटे टाकून अंदाज घेतो, मान हलवतो आणि दुसरीकडे उडतो. तिथे पाणी अर्ध्याच्या वर. मग तो गोटे टाकतो. हुशारी गोटे टाकण्यात होती, असं मी समजत होतो. ती तर आधी वाकून बघण्यात होती...

राहिलं तात्पर्य. माझ्या ओळी मीच मागे घेतल्या. 'आधी नीट बघा, मग कष्ट करा' असं काहीतरी घालू म्हणालो. रोहिणीने सहज जान्हवीला विचारलं, तू या गोष्टीतून काय शिकलीस?

ती कावळ्याच्या पाठीवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "त्याले एवढा तरास काऊन द्याचा? आपणच भांडं भरून ठेवू न."

मोबाइल चालूच होता, म्हणून ते वाक्य तसंच्या तसं मिळालं. व्हिडिओचा शेवट तोच. वर मोठ्या अक्षरांत एवढंच... 'भांडं भरून ठेवू.'

यावेळी मुलांनी शेवटपर्यंत पाहिलं. कसं कळलं? ग्रुपवर फोटो यायला लागले. कुणाच्या कुंपणावर काठ फुटलेला माठ, कुणाच्या कडुनिंबाखाली जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं टोपलं, सगळी काठोकाठ.

काल सकाळी जान्हवीच्या भिंतीवरचं भांडं बघायला गेलो. भरलेलं होतंच, पण शेजारी दोन गोटेही मांडले होते. म्हटलं, हे कशाला गं? तर म्हणे, "सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेली अन् पाणी कमी झालं तं... लागन न त्याले."

आयुष्यभर तात्पर्यं पाठ केली. एक तात्पर्य असं भिंतीवर भरून ठेवलेलं बघायला मिळालं... पोरी, तुझे आभार.