अठरा पानं आणि मुखेडचा फोन

धम्मप्रियाला तंद्री लागायची सवय लहानपणापासूनची. आई सरजाबाई दूध तापत ठेवून तिला लक्ष द्यायला सांगायची आणि ते उतू जाईपर्यंत ही सायीवरच्या सुरकुत्या बघत बसायची. या पोरीच्या हातून काही धड होईल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. तिनंच पुढे नांदेडच्या एका पशुखाद्य कंपनीत असं काही करून ठेवलं, की महिन्याच्या विक्रीचा अहवाल आपोआप तयार व्हायला लागला. आता तंद्रीवाल्या माणसाला तेच ते काम पुन्हा करायचा कंटाळा असतो, त्यातून असं काहीतरी निघतं.

तिच्याआधी हा अहवाल शेषेराव करायचे. पन्नाशी उलटलेला, शाईच्या पेनाचा, मोजकं बोलणारा माणूस. मुखेड, देगलूर, हिमायतनगर आणि लातूर अशा चार डेपोंना फोन लावून ते पोत्यांचे आकडे विचारायचे आणि चार दिवस खपून तक्ता काढायचे. धम्मप्रियाच्या प्रोग्रामनं ते चार दिवस गिळले. रोज रात्री प्रत्येक डेपोच्या कॉम्प्युटरवरून बिलांची फाईल एका सामाईक फोल्डरमध्ये येऊन पडायची. एक तारखेला सकाळी साडेसहाला प्रोग्राम जागा व्हायचा, मागच्या महिन्याच्या तारखांची बिलं वेचायचा, परत आलेली पोती वजा करायचा, शेजारी गेल्या वर्षीचा तोच महिना मांडायचा आणि सातच्या आत मालक बसवराजअप्पांना मेल करायचा. शेषेरावांना गोदामाच्या फाटकावर वजनाच्या नोंदी ठेवायला बसवलं. पुढचं वर्षभर ते चहा भिंतीकडे तोंड करून प्यायले, आणि धम्मप्रियाला त्याचं फार वाईट वाटायचं. तसं तिनं त्यांना कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी तिला लातूरला सरकारी नोकरी लागली. अहवाल कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न आला. अप्पा म्हणाले, विक्री कळणारा माणूस एकच आहे, शेषेराव. फिरून फिरून काम जिथून निघालं होतं तिथंच परत निघालं होतं.

मग धम्मप्रिया हस्तांतराचं टिपण लिहायला बसली. दोन आठवडे ती त्याच्यातच होती. फोल्डर कुठं आहे, नवा माल बाजारात आला तर त्याचं नाव मूळ यादीत कसं घालायचं, पासवर्ड कुणाकडे आहे, महिनाअखेरच्या रात्री मशीन का बंद करायचं नाही, एखाद्या डेपोची फाईलच आली नाही तर प्रोग्राम थांबून तसा मेल कसा पाठवतो, आणि झालेल्या महिन्याचा अहवाल पुन्हा कसा काढायचा. अकराव्या पानावर तर तिनं कुठलं बटण दाबायचं त्याचं चित्रही काढलं. अठरा पानं झाली. पहिल्याच पानावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एक तारखेला कुणीही काही करायचं नाही, अहवाल आपोआप जातो. त्या ओळीवर तिचा जीव होता.

लातूरला तिनं खोली घेतली. पहिल्या एक तारखेला ती साडेसहालाच जागी झाली. थंडीचे दिवस होते, समोरच्या गच्च्या धुक्यात अर्ध्या बुडालेल्या. ती चादर पांघरून खिडकीत बसली आणि तिची तंद्री लागली. नांदेडच्या रिकाम्या ऑफिसात आता एकटं मशीन चालू असेल. चारी गावांची बिलं संध्याकाळच्या गुरांसारखी आपापल्या रकान्यात शिरत असतील. आपण इथं, आणि आपल्या हातचं तिथं आपल्याशिवाय चाललंय, या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं की सात कधी वाजले ते कळलंच नाही.

दहा वाजता निवृत्तीमामांचा फोन आला. मुखेडचा डेपो ते एकटेच सांभाळायचे. नेहमी म्हशीपासून सुरू होणारे मामा आज म्हशीचं काही बोलले नाहीत. सकाळच्या अहवालात मुखेडची तीनशे बारा पोती लागली होती. सलग दोन महिने पाचशेच्या खाली गेलेला डेपो बंद, हा अप्पांचा दिवाळीपासूनचा नियम, आणि त्याच्या आधीचा महिनाही कमीच गेला होता. अप्पांनी किल्ल्या घेऊन नांदेडला बोलावलं होतं. मामांनी कुणालाच दोष दिला नाही.

"माय, ह्या टायमाला तुझा फोन न्हाई आला," एवढंच म्हणाले.

मामा माल हातचिठ्ठीवर द्यायचे, चिठ्ठ्या तारेला टोचायचे आणि सवड मिळेल तशी कॉम्प्युटरवर बिलं करायचे. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी धम्मप्रिया त्यांना फोन करायची. म्हैस कशी आहे विचारायची, मग चिठ्ठ्या संपवा म्हणायची. हे काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. फाईल आली नसती तर प्रोग्रामनं बोंब मारली असती. पण फाईल आली होती, फक्त अपुरी होती, आणि तारेवरची चिठ्ठी मशीनला कुठून दिसणार. मामांनी चिठ्ठ्या मोजून सांगितल्या: दोनशे तीस पोती, सगळी गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली.

तिनं शेषेरावांना फोन लावला आणि विचारलं, मुखेडला कुणी फोन केला होता का.

"तूच लिवलंस, कुणी काही करायचं न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या मशीनला ते बी ठाव असंल. म्याच तर सांगितलं होतं तुला."

मग तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी रजिस्टर तिच्या हातात देऊन फाटकावर जाताना हा माणूस एकच वाक्य बोलला होता: शेवटच्या दिवशी मुखेडला फोन करत जा. त्यांचं सगळं हस्तांतर तेवढंच होतं. तिच्या अठरा पानांत नेमकं तेच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि तिनं ती त्यांना बोलून दाखवली. भिंतीकडे तोंड करून प्यायलेल्या त्या वर्षभराच्या चहाचंही बोलली. शेषेराव हूं म्हणाले.

मामांनी एकेक चिठ्ठी तिच्या तारखेनं चढवली आणि फाईल रात्रीची वाट न बघता तेव्हाच पाठवली. धम्मप्रिया फोनवरून पुढचं सांगायला लागली, तर शेषेरावांनी तिला गप्प केलं.

"थांब. अकरावं पान वाचून राहिलो."

साडेबाराला सुधारित अहवाल गेला. मुखेड, पाचशे बेचाळीस. चिठ्ठ्यांचे फोटो घेऊन शेषेराव स्वतः अप्पांच्या केबिनमध्ये गेले आणि चूक आपली आणि धम्मप्रियाची आहे, मुखेडची नाही, असं सांगून आले. किल्ल्या मुखेडलाच राहिल्या. संध्याकाळी धम्मप्रियाच्या मोबाईलवर एक फोटो आला. टिपणाच्या शेवटी एकोणिसावं पान जोडलेलं होतं, शाईच्या पेनानं लिहिलेलं: शेवटच्या दिवशी मुखेडला फोन करणे. आधी म्हशीचे विचारणे.

तो महिना सरला. शेवटच्या दिवशी ती लातूरच्या ऑफिसात टपाल बघत होती, बाहेर लिंबाची पानं गळत होती, आणि पुन्हा तिची तंद्री लागली. पाच वाजले तशी तिची बोटं आपसूक मामांच्या नंबरावर गेली. शेषेराव विसरले असतील तर, असं मनात आलं. तिनं फोन कानाला लावला.

मुखेडचा फोन एंगेज होता.