खालची ओळ

परळीत स्टेशनच्या बाजूला, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. खिडकी उघडली की थर्मल वीजकेंद्राची राख टेबलावर बसायची, म्हणून ती बंदच असायची. आम्ही दोघं हेडफोन घालून दिवसभर माणसांचं बोलणं लिहून काढायचो. गावोगाव रेकॉर्ड केलेलं बोलणं. फोनला आमच्या भागातली मराठी कळावी, ज्याला टाइप करता येत नाही त्याला बोलून काम करता यावं, यासाठी हे सगळं चाललं होतं. मला ते काम चळवळीचंच वाटायचं.

प्रत्येक वाक्याला दोन ओळी असायच्या. वरच्या ओळीत पुस्तकी शब्द. खालच्या ओळीत माणूस जसा बोलला तसा, गळालेली अक्षरं गाळून आणि मध्ये आलेले आवाज धरून. एकच वाक्य दोघांनी वेगवेगळं लिहायचं, मग ऑफिस चालवणारे सर दोन्ही पत्रकं ताडून बघायचे. तीन महिन्यांनी आमच्यातल्या एकाला तपासनीस करणार होते, कायमचं. ती जागा मला हवी होती. आपल्यापेक्षा भाषा कुणाला जास्त कळत नाही, हे सिद्ध होणं मला त्याहून जास्त हवं होतं.

कारण मी पत्रकांवर वाढलो. बाबा नोकरीवरून आले की जयंतीची, मोर्चाची, निषेधाची पत्रकं लिहायचे आणि मला प्रुफं तपासायला बसवायचे. "आपल्या कागदावर एक चूक सापडली की ते मुद्दा वाचत नाहीत, चूकच वाचतात," असं सांगायचे. आठवीत असताना मी छापून आलेल्या चारशे पत्रकांवर एक राहिलेला अनुस्वार पेनानं दिला होता.

दुसऱ्या टेबलावर ताई होत्या. बारावी शिकलेल्या. आधी तेलगावला कृषी सेवा केंद्रात फोन घ्यायच्या. शेतातून, वाऱ्यातून, रेंज नसताना लोक बियाण्याचं नाव सांगायचे आणि ताई ते लिहून घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात धर्मापुरीकडच्या एका म्हातारीचं बोलणं आलं. मी खालच्या ओळीत लिहिलं, "मी गेले होते, पण ते नव्हते." ताईंनी लिहिलं, "मी गेल्ते, पन ते नवते." सरांनी माझं पत्रक परत दिलं.

"खालच्या ओळीत 'होते'तला ह कुठून आणलास?"

"सर, म्हातारीला तेच म्हणायचंय. तिच्या तोंडी अर्धे शब्द कशाला घालायचे? उद्या कुणी हसेल तिला."

"तिच्या तोंडी तू घालतोयस. ती बोलली ते लिही."

ताई खाली बघून हसल्या. "भाऊ, तुमी लई मान देता लोकाला. त्यो मागितल्यावर द्यावा."

सर हसले. माझे कान तापले.

ह आम्ही सगळेच गाळतो, ते एक वेळ मला पटलं. पण ताई तर नसलेलं ऐकायच्या. "ती आली" असं बाई बोलली, की ताईंच्या खालच्या ओळीत "तियाली". "तू आण" असलं की "तूवान". कुठे य, कुठे व. मी तीच फाइल तीनदा लावायचो आणि मला स्वच्छ "ती आली" ऐकू यायचं. एकदा न राहवून विचारलं.

"हा य कावून टाकला?"

"मी न्हाई टाकला, त्यो येतोच. ई म्हना बरं. जीब वर गेली का? आता तिथून न थांबता आ म्हना. खाली उतरताना य लागतोय का न्हाई? आन् ऊ म्हनताना ओठ गोल. तिथून आ म्हनलं का व लागतो." त्यांनी मला हनुवटीला बोट लावून म्हणायला लावलं. मी म्हटलं आणि मला काहीच लागलं नाही, असं सांगितलं. खरं तर थोडं लागलं होतं.

माझी मनातल्या मनात खात्री झाली की त्यांनी नियम पाठ केलाय. ई दिसली की य, ऊ दिसला की व. त्याला ऐकणं कसं म्हणायचं? रात्री जेवताना मी बाबांना हे तावातावानं सांगितलं. बाबा म्हणाले, "सरांना लिवून दे मग. पुरावा पायजे पन." आणि मी ते बोलणं नीट ऐकलंसुद्धा नाही.

तिसऱ्या महिन्यात सर आठवडाभर बाहेरगावी गेले. जाताना म्हणाले, एकमेकांची पत्रकं तपासा, तपासणी बघूनच तपासनीस ठरवतो. ताईंची साठ वाक्यं माझ्याकडे आली. पहिली दहा मी ऐकली. पुढची ऐकली नाहीत. य दिसला की लाल, व दिसला की लाल, शेरा एकच: "असा आवाज नाही." दुपारपर्यंत पत्रक लाल झालं आणि मला गार वाटलं.

ताईंनी ते उघडून पाहिलं. "सगळ्यात चूक?"

"हो."

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

त्या डबा घेऊन बाहेर गेल्या. त्यांनी भांडायला हवं होतं. माझ्याकडे मुद्दे तयार होते.

मी एकटाच उरलो तेव्हा हेडफोन घातला. एका वाक्यात "ती... आली" असं होतं. बाई मध्ये थांबली होती. ताईंनी तिथे य लिहिलाच नव्हता. पुढच्या वाक्यात तीच बाई न थांबता बोलली, आणि तिथे य होता. तिच्या आवाजातही होता. मी वेग कमी करून ऐकलं. नियम पाठ करणाऱ्याला हे जमलं नसतं.

छप्पन्नावं वाक्य माझं निघालं. कामावर लागलो त्या दिवशी नमुना म्हणून सरांनी माझंच बोलणं रेकॉर्ड केलं होतं. वरच्या ओळीत होतं, "माझी आई आणि मी पत्रकं वाटायला गेलो होतो." खाली ताईंनी लिहिलं होतं, "माझीयाई आन् मी पत्रकं वाटायला गेल्तो." त्यावरही माझा लाल शेरा: असा आवाज नाही.

मी ऐकलं. होता. माझ्या तोंडात, आईच्या आधी, चांगला ठसठशीत.

हे वाक्य सरांना दाखवून त्या मला केव्हाच गप्प करू शकल्या असत्या. दाखवलं नव्हतं. त्याचा मला जास्त राग आला. आपण 'माझी आई' म्हणतो कसं, हे तेलगावच्या बाईला माहीत आणि मला नाही!

ताई परत आल्या तेव्हा मी पत्रकावरचा लाल रंग काढत होतो. साठही वाक्यं पहिल्यापासून ऐकली. खऱ्या चुका दोन निघाल्या, त्या ठेवल्या. खाली सरांसाठी लिहिलं, "पहिली तपासणी मी न ऐकता केली होती." निषेधाच्या पत्रकाखाली सही करायची आणि इथे लपायचं, हे मला जमलं नसतं.

"ऐकलं, म्हनला व्हता," ताई म्हणाल्या.

"खोटं बोललो."

"ते बी खालच्या ओळीत लिवा मग."

जागा त्यांना मिळाली. आता माझी पत्रकं त्या तपासतात. मी चांगलं लिहितो, सरही म्हणतात. तरी रोज एखादं वाक्य लाल होऊन परत येतं, शेरा नसतोच. मी हेडफोन घालतो, वेग कमी करतो, त्यांची चूक सापडावी म्हणून जीव तोडून ऐकतो. काल चौथ्यांदा लावल्यावर व ऐकू आला. मी तो लिहिला, आणि त्यांच्या टेबलाकडे बघितलं नाही.