ताईच्या वर्षाची यादी

ताईला दूरशिक्षणाच्या पदवीवर नोकरी लागली, म्हणून मीही खुलताबादहून जाऊन शहरातल्या तिच्याच अभ्यास सेंटरवर प्रवेश घेतला. चौकशी कसली करायची? घरात पुरावा होता ना!

तीन वर्षांनी नोकरीसाठी माझी निवड झाली आणि कागदपत्रं तपासायला बोलावलं. टेबलावरच्या बाईंनी माझी पदवी दोनदा वाचली, मग कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य दूरशिक्षण कोर्सची यादी होती.

"विद्यापीठ यादीत आहे. पण तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी तुमच्या कोर्सला मान्यता नाही."

"माझ्या ताईचं चाललं की हो!"

"त्यांच्या वर्षी असेल. ही यादी दर वर्षाची वेगळी असते, कोर्सवार असते. प्रवेशाआधी बघायची असते, फुकट दिसते."

माझ्या पदवीवर त्यांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारली. मला माझाच लई राग आला.

बाहेर आले तर ताईचा फोन. मागं सेंटरची गर्दी ऐकू येत होती.

"आपल्या धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायलेय. सेंटरचे सर इथं सगळ्यांना तुझ्या निवडीचंच उदाहरण सांगायलेत."