कडब्याची पेंढी

फौजेतून पेन्शनीत निघून कडेगावजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा शिस्त म्हणजे काय ते आता घराला दाखवायचं, असं मनात होतं. घरात बायको होती आणि गोठ्यात एक गाय. गाय बायकोची. वासरू असतानाच तिची आई मेली, तेव्हा बायकोनं बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं होतं. मी दूर कुठेतरी चौकीवर असताना बायकोला दिवसभर बोलायला तीच एक होती, हे मला फार उशिरा कळलं.

उसाच्या कडेला लसूणघासाचे दोन वाफे होते. बायको तो घास दव वाळल्याशिवाय कापायची नाही. कापला की सावलीत पसरून मऊ पडू द्यायची. गाईनं आधी कडबा पोटभर खाल्ला, की मग थोडा थोडा घालायची. मी चेष्टा करायचो. हिरवंगार आणून वाळवून घालतेस, मग कडबाच घाल की, म्हणायचो. ती हसायची आणि आपलंच खरं करायची.

त्या माघात ती तासगावला भावाच्या बेदाण्याच्या शेडवर चार दिवस हाताखाली मदतीला गेली. जाताना कडब्याची एक पेंढी गव्हाणीच्या कडेला ठेवली, आणि आधी ही, मग घास, असं मला दोनदा बजावलं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटेच उठलो. रात्री मी गाईला उसाचं थोडं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, टाकलं होतं, तेवढंच. ती भुकेली होती. उजाडता उजाडता वाफ्यात गेलो. घास कोवळा, फूलही न आलेला, दवानं निथळत होता. सात महिन्यांची गाभण आहे, खाऊ दे जरा चांगलं, बायको परत येईल तेव्हा गाय डोळ्यांत भरली पाहिजे, असा विचार केला आणि भारा कापून तसाच ओला गव्हाणीत टाकला. गाय तुटून पडली. मला बरं वाटलं. मी स्टँडवर चहाला गेलो आणि गप्पांत रमलो.

परतलो तेव्हा गाय उठत होती, बसत होती, मागच्या पायानं पोटाला लाथ मारत होती. रवंथ बंद. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळत होती.

शेजारच्या वस्तीवरचे म्हातारबाबा धावत आले. त्यांनी आधी गव्हाण रिकामी केली. गाईचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी ती उभी केली, लिंबाची काडी आडवी तोंडात देऊन शिंगांना बांधली. ती चघळते, लाळ सुटते, ढेकर येतो, असं त्यांनी सांगितलं. मी गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते. शेंगदाण्याचं गोडेतेल अर्धा लिटर पाजा, पण डोकं वर उचलू नका, फुप्फुसात जाईल, असं सांगून ते निघाले. निम्मं तेल माझ्या अंगावर सांडलं. गाय मात्र माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर अजून माझ्यावरून हटलेली नाही.

डॉक्टर पोचले तेव्हा ती आडवी झाली होती. त्यांनी डाव्या कुशीत जाड नळी खुपसली. नुसता हिरवा फेस आला, वारा सुटलाच नाही. फेसात वारा अडकतो, तेल वेळेवर पडलं असतं तर फेस मोडला असता, ते म्हणाले. थोड्याच वेळात गाय गेली. पोटातलंही गेलं.

बायको संध्याकाळच्या एसटीनं आली. मी फोनवर फक्त गाय गेली एवढंच बोललो होतो. ती रडली नाही. दारातच विचारलं, "आवं, आदी कडबा घातलावता न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो. सीमेवर घाबरलो नव्हतो, त्या एका प्रश्नाला घाबरलो.

ती गोठ्यात गेली. गव्हाणीच्या कडेला पेंढी तशीच उभी होती, तिनंच बांधलेली, तिच्याच हातची गाठ. मी दिवसभर त्या पेंढीच्या शेजारून ये-जा केली होती आणि मला ती दिसली नव्हती. बायकोनं गाठीवरून बोट फिरवलं, पेंढी उचलली आणि माळ्यावर ठेवून दिली.

घास पुन्हा पुन्हा फुटतोच. म्हातारबाबा कापून नेतात, दव वाळल्यावर. गोठा रिकामा आहे. बायको जेवायला वाढते, माझ्या औषधाची आठवण करून देते, सगळं करते. मला मात्र त्या दिवसापासून तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही.